शिकवणी महिन्याच्या मध्येच थांबवायची असेल, तर शेवटचा हिशेब कसा करावा

*मुलीला गणित शिकवायला एक सर दीड वर्षापासून घरी येतात. सोमवार आणि गुरुवार, एकेक तास. महिन्याची फी ठरलेली आहे, महिना संपल्यावर देतो. सर चांगले आहेत, पण आता तिचं तिला जमतंय, म्हणून १८ तारखेला शेवटचा तास ठेवून थांबायचं ठरवलंय. या महिन्यात एक तास सरांनी बुडवला, एक आम्ही ऐनवेळी रद्द केला आणि मागच्या महिन्यातला एक अजून भरून निघायचा आहे. फी पूर्ण महिन्याची द्यायची की झालेल्या तासांची? आणि हे सांगायचं कसं? हे म्हणतात मेसेज टाकून मोकळी हो. मला ते बरं वाटत नाही. लिहून असं काहीच ठरलेलं नव्हतं.*

ताई, मी बरीच वर्षं घरोघरी जाऊन शिकवलं आणि आता काही शिक्षकांच्या शिकवण्या जुळवून देण्याचं काम करतो. त्यामुळे असे निरोप दोन्ही बाजूंनी पाहिले आहेत. तुम्ही विचारलेल्या दोन गोष्टींपैकी सांगण्याची गोष्ट तुम्हाला वाटते त्यापेक्षा सोपी आहे, आणि हिशेबाची थोडी जास्त गुंतागुंतीची. म्हणून आधी हिशेब घेतो.

पूर्ण महिना की झालेले तास, याचं उत्तर एका गोष्टीवर ठरतं. इतके दिवस तुम्ही पैसे कशाचे देत होता? काही घरांत फी म्हणजे मोजून घेतलेल्या तासांचा मोबदला असतो. काही घरांत ती सरांच्या आठवड्यातल्या दोन संध्याकाळी राखून ठेवण्याची किंमत असते, मग तास आठ होवोत की सात. तोंडी ठरलेल्या शिकवणीत हे कुणी उघड बोलत नाही, पण वागण्यातून ते ठरत गेलेलं असतं. कधी महिन्यात पाच सोमवार आले आणि आठाऐवजी नऊ तास झाले, तेव्हा तुम्ही नवव्या तासाचे वेगळे पैसे दिले होते का? तुम्ही आठवडाभर बाहेर होता, तेव्हा दोन तासांची फी कापली होती का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल, तर तुमची फी महिन्याची आहे. दोन्हींचं ‘हो’ असेल, तर ती तासांची आहे, तोंडाने तुम्ही ‘महिन्याची’ म्हणत असलात तरी.

बहुतेक घरांत मात्र मधलंच काहीतरी असतं: महिन्याची फी ठरलेली, पण बुडालेला तास पुढे भरून द्यायचा. तुमचा मागचा एक तास ‘भरून निघायचा आहे’ म्हणताय, त्यावरून तुमच्याकडेही तेच चालू असावं असं दिसतं. अशा व्यवहारात चालू महिना पूर्ण असताना भांडण होत नाही, कारण राहिलेलं सगळं पुढच्या महिन्यात जिरून जातं. शेवटच्या महिन्याला पुढचा महिनाच नसतो, म्हणून इतके दिवस न मोजलेलं सगळं एकदम मोजायची वेळ येते.

आता सरांच्या बाजूने पाहू. शिकवणी थांबल्यावर शिक्षकाचं नुकसान झालेल्या तासांत नसतं, त्यांचे पैसे तर मिळतातच. नुकसान असतं रिकाम्या झालेल्या वेळेचं. सोमवार-गुरुवारची ती वेळ त्यांनी दीड वर्ष दुसऱ्या कुणाला दिली नाही. वर्षाच्या सुरुवातीला ती भरायला फारसा वेळ लागत नाही. परीक्षा तोंडावर आली असेल, तरी कुणी ना कुणी विचारतंच. पण वर्षाच्या ऐन मध्यावर सगळ्यांच्या शिकवण्या लागलेल्या असतात, तेव्हा ती वेळ महिना-दोन महिने रिकामी राहू शकते. म्हणून आधी सांगण्याला किंमत आहे. माझ्या शिक्षकांसाठी मी दोन आठवड्यांची पूर्वसूचना धरतो. आठवड्याला चार-पाच दिवस येणारे शिक्षक असतील, तर महिनाभराची, कारण त्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग एका घरावर असतो. हा काही नियम नाही. तुम्ही आणि सरांनी वेगळं काही ठरवलं असतं, तर तेच चाललं असतं.

तुमच्या महिन्याचा हिशेब मांडून दाखवतो. सोपं जावं म्हणून आठ तासांची फी ८०० धरतो, म्हणजे तासाला १००. तुमचा खरा आकडा त्या जागी घाला. महिना सोमवारी सुरू झाला आणि तुम्ही ९ तारखेला सरांना सांगितलं, असंही धरू. म्हणजे १८ पर्यंतचे तास १, ४, ८, ११, १५ आणि १८ तारखेला येतात. त्यातला १ तारखेचा सरांनी बुडवला आणि ८ तारखेचा तुम्ही तासभर आधी रद्द केला.

सरांनी न घेतलेल्या १ तारखेच्या तासाचे पैसे नाहीत. ८ तारखेच्या तासाचे मात्र द्यायचे. ऐनवेळी रद्द केलेला तास शिक्षकाच्या दृष्टीने झालेलाच असतो. ते घरून निघालेले असतात, निदान ती संध्याकाळ तरी गेलेली असते. आदल्या दिवशी सांगितलं असतं तर मी तो वगळला असता. म्हणजे ४, ८, ११, १५ आणि १८ असे पाच तास झाले, ५००.

त्यात पूर्वसूचनेचा भाग मिळवा. ९ पासून दोन आठवडे म्हणजे २३ तारीख. त्या मुदतीत २२ चा सोमवार येतो. तुम्हाला तो तास नको असला, तरी त्याचे पैसे सरांना मिळायला हवेत. सहा तास, ६००. आणि मागच्या महिन्याची फी तुम्ही पूर्ण दिली होती पण एक तास मिळाला नव्हता, तो वजा. उरले ५००.

इथे थोडं थांबा, कारण या दोन शेवटच्या ओळी एकमेकींना बरोबर कापतात. सरांकडे तुमचा एक तास येणं आहे आणि तुमच्याकडे सरांचा २२ तारखेचा एक तास. पैशांनी वळते करण्याऐवजी २२ ला सरांना बोलवा आणि तोच मागचा राहिलेला तास समजा. रक्कम ५००च राहते, पण एक तास हातात येतो. त्याचा उपयोग काय, ते पुढे सांगतो. १८ ऐवजी २२ ला शेवट करायला तुम्हाला काही अडचण नसेल, तर मी हेच करेन.

हा झाला तासांचा हिशेब. फी खऱ्या अर्थाने महिन्याची असेल, तर एवढं मोजायचं कारणच नाही. पूर्ण ८०० द्यायचे. पण मग महिन्याच्या मध्ये थांबूही नये. महिनाअखेरपर्यंत सरांना येऊ द्यावं, आणि सरांचा बुडालेला तास व मागचा राहिलेला तास त्याच दिवसांत भरून घ्यावेत. २२, २५ आणि २९ हे तीन वार हातात आहेतच, लागला तर एखादा जादा दिवस ठरवता येतो. १८ ला थांबून पूर्ण महिना देणं म्हणजे वेळही गेला आणि पैसेही. १८ ला थांबून, दीड वर्ष महिन्याने चालवलेल्या व्यवहारात अचानक तासांचा हिशेब काढणं, याला मात्र सर नक्कीच मनातून नावं ठेवतील, आणि ते चुकीचं नसेल.

नक्की कोणता व्यवहार होता हेच ठरत नसेल, म्हणजे एखाद्या महिन्यात कापलं होतं आणि एखाद्या महिन्यात नाही, तर दीड वर्षांच्या चांगल्या संबंधात मी झुकतं माप सरांना देतो. वरच्या उदाहरणात फरक ३०० चा आहे, म्हणजे तीन तासांचा. त्यासाठी वाद घालायला ज्या दोन संध्याकाळी जातील, त्यांची किंमत कुणी धरत नाही.

आकडा काढण्याआधी तासांची यादी मात्र तारखांनुसार करा. ‘साधारण चारपाच झाले’ यावर कधीच जाऊ नका. दोघांचे आकडे जुळत नाहीत याचं कारण क्वचितच लबाडी असते. बहुतेक वेळा भरून दिलेला तास एकाने धरलेला असतो आणि दुसऱ्याने नाही. किंवा परीक्षेच्या आधी सर दोन तास बसले होते, ते त्यांच्या वहीत दोन म्हणून असतात आणि तुमच्या कॅलेंडरवर एकच टिक असते. तुमच्या मोबाइलमधले ‘आज जमणार नाही’, ‘उद्या येऊ का’ हे मेसेज उघडा आणि त्यांवरून मागच्या दोन महिन्यांच्या तारखा एका कागदावर उतरवा. मुलीची वहीही बघा, गणिताच्या वहीत पानावर तारीख टाकायची सवय असेल तर त्याहून चांगला पुरावा नाही. एका शिक्षकाचा आणि पालकांचा आकडा दोनने चुकत होता, तो मुलाच्या वहीतल्या तारखांवरून पाच मिनिटांत मिटला. दोघांनाही थोडं हसू आलं आणि विषय संपला.

यादी तुम्ही करा, सरांना करायला लावू नका. शिक्षकाला स्वतःचे पैसे मागणं फार जड जातं, आणि शिकवणी थांबणार हे कळल्यावर तर आणखीच. माझ्याकडच्या शिक्षकांची बुडालेली किंवा रखडलेली फी जवळपास नेहमी शेवटच्या महिन्याचीच असते. पालकांचा हेतू वाईट नसतो. ‘महिना संपला की देतो’ ही जुनी सवय चालू राहते आणि महिना संपतो तेव्हा सर घरी येतच नसतात. आठवण करून द्यायला त्यांना निमित्त उरत नाही. म्हणून एरवी तुम्ही महिन्याअखेर देत असलात, तरी या वेळी शेवटच्या तासाच्या दिवशीच द्या. तास सुरू व्हायच्या आधी दिलेलं सगळ्यात बरं. नंतर निरोपाच्या बोलण्यात पाकीट पुढे करायला दोघांनाही अवघड होतं.

आता सांगण्याबद्दल. तुम्हाला मेसेज बरा वाटत नाही, ते बरोबर आहे, पण समोरासमोर तासाच्या वेळी सांगणंही टाळा. मुलगी शेजारच्या खोलीत असते आणि सर पुढच्या तासाला निघायच्या घाईत असतात. मी फोन सुचवतो, तास नसलेल्या दिवशी, तुम्ही स्वतः. मुलीकडून निरोप पाठवू नका आणि सरांना कळायच्या आधी तिला सांगूही नका. मुलांच्या पोटात राहत नाही, आणि ‘सर, तुम्ही येणार नाही ना आता?’ हे त्यांनी तिच्या तोंडून ऐकणं बरं नाही.

फोनवर कारण एका वाक्यात सांगा आणि खरं सांगा. ‘सर, आता तिचं तिला जमतंय, म्हणून या महिन्यानंतर शिकवणी थांबवायचं आम्ही ठरवलंय. शेवटचा तास २२ तारखेला घेऊ या का?’ एवढं पुरे. ‘विचार करतोय’ असं म्हणू नका. निर्णय झाला असेल तर तो झालेला म्हणूनच सांगा, नाहीतर सर प्रामाणिकपणे वेळ बदलून देतो, फी कमी करतो असं सुचवतील आणि तुम्हाला दुसऱ्यांदा नकार द्यावा लागेल. खोटं कारण तर अजिबात नको. शिकवणी घेणारी माणसं एकमेकांना ओळखतात, आणि ‘बाहेरगावी जातोय’ म्हणून बंद केलेल्या घरी दुसरे शिक्षक येतात हे आठवडाभरात कळतं. तुमचं कारण तर चांगलं आहे. मुलीला आता आधार लागत नाही, हे शिक्षकाच्या कामाचंच फळ आहे, ते तसं सांगायला काय हरकत आहे?

‘माझं काही चुकलं का?’ असं सर विचारू शकतात. नसेल तर नाही म्हणा. एखादी गोष्ट खटकली असेल आणि ती पुढच्या मुलांसाठी उपयोगाची असेल, तर एकच आणि नेमकी सांगा. तक्रारींची यादी निरोपाच्या फोनवर काढायची नसते. ती तशी असेल, तर सहा महिन्यांपूर्वी सांगायला हवी होती.

फोन झाला की मगच मेसेज, बोलणं नोंदवून ठेवायला. हिशेब त्यातच लिहा. असा:

‘सर, आज फोनवर बोललो तसं, शेवटचा तास सोमवारी २२ तारखेला. या महिन्याचे तास: ४, ८ (आम्ही रद्द केला), ११, १५, १८. एकूण ५. मागच्या महिन्याचा राहिलेला एक तास २२ ला धरू. ५ तासांची फी २२ ला देते. काही राहिलं असेल तर तोपर्यंत नक्की सांगा.’

यातला ‘काही राहिलं असेल तर’ हा भाग गाळू नका. सरांनी बोर्डाच्या प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स काढून आणल्या असतील, एखादं पुस्तक स्वतः विकत घेतलं असेल, त्याचे पैसे राहून गेलेले असतात आणि ते स्वतःहून बोलत नाहीत. उलट बाजूनेही बघा. त्यांची पुस्तकं तुमच्या घरी असतील, तुमची वही किंवा जुन्या परीक्षेचे पेपर त्यांच्याकडे असतील. हे सगळं २२ च्या आत जमा करा. पैसे दिल्यावर ‘फी मिळाली, बाकी काही नाही’ एवढा त्यांचा एका ओळीचा मेसेज आला की हिशेब बंद.

त्या २२ तारखेच्या तासाचं काय करायचं ते सांगतो. नवा धडा घेऊ देऊ नका. सरांना आधीच सांगा की हा तास मागे वळून बघण्यासाठी आहे: कोणते धडे पक्के झाले, कोणते नुसतेच उरकले, ती कोणत्या प्रकारच्या उदाहरणांत अजून घसरते आणि का. मुलगी समोर असावी आणि तिने स्वतःच्या हाताने ते लिहून घ्यावं. दीड वर्षात सरांना तिच्याबद्दल जे कळलंय ते निकालपत्रकात कुठेच नसतं. ‘चिन्ह बदलायला विसरते’ आणि ‘शाब्दिक उदाहरण अर्धं वाचून सुरू करते’ या दोन ओळी पुढे एकटीने अभ्यास करताना तिला फार कामाच्या आहेत. उद्या दुसरे कुणी शिक्षक ठेवलेच, तर त्यांचाही महिनाभर वाचतो.

आभारांचं एकच सांगतो, ते हिशेबात मिसळू नका. भेटवस्तू द्यायची असेल तर द्या, पण फी पूर्ण चुकती केल्यानंतर. ‘दोन तासांचे पैसे कापले आणि पेन दिलं’ असं दिसलं, तर त्या पेनचा काही अर्थ राहत नाही. रक्कम वर गोल करून देणंही मी टाळतो. ती जास्तीची रक्कम फी होती की बक्षीस, हे सरांना कळत नाही. चार ओळींची चिठ्ठी जास्त उपयोगाची, आणि ती नेमकी असावी. ‘खूप छान शिकवता’ हे सगळेच लिहितात. ‘तिला अपूर्णांकांची भीती वाटायची, आता ती स्वतःहून उदाहरणं सोडवायला बसते’ असं लिहिलंत, तर सर ती चिठ्ठी पुढच्या घरी दाखवूही शकतील. ‘कुणी विचारलं तर माझा नंबर द्या, मी बोलेन’ हेही मनापासून असेल तर लिहा. रिकाम्या झालेल्या वेळेची भरपाई करायचा तुमच्या हातातला तो सगळ्यात खरा मार्ग आहे. ‘पुढच्या वर्षी नक्की बोलवू’ हे मात्र, ठरलेलं नसेल तर, लिहू नका. काही शिक्षक त्या भरवशावर वेळ रिकामी ठेवतात.

हे सगळं तुमच्यासारख्या, चांगल्या मनाने संपणाऱ्या शिकवणीसाठी आहे. शिक्षक एखाद्या संस्थेमार्फत आले असतील, तर फी आणि सूचनेबद्दल संस्थेशी लिहून ठरलेलं आधी वाचा. तिथे सरांशी केलेला तोंडी हिशेब चालत नाही. फी आगाऊ दिलेली असेल, तर पैसे परत मागण्यापेक्षा उरलेले तास घेऊन संपवणं दोघांना सोपं जातं. आणि कारण मुलाशी गैरवर्तनाचं असेल, तर पूर्वसूचना, शेवटचा तास, चिठ्ठी यातलं काहीही नको. त्याच दिवशी थांबवायचं, झालेल्या तासांचे पैसे पाठवायचे आणि मुलाला पुन्हा त्यांच्यासमोर बसवायचं नाही.

सर तुमच्या हिशेबाला नाही म्हणाले, पूर्ण महिना मागितला, तर लगेच हो किंवा नाही म्हणू नका. पाच सोमवारांच्या महिन्यात काय केलं होतं, ते दोघं मिळून आठवा. त्याचं उत्तर त्यांच्या बाजूने निघालं, तर पूर्ण फी द्या आणि महिनाअखेरपर्यंतचे तास घ्या. तुमच्या बाजूने निघालं, तर तारखांची यादी पुन्हा एकदा पाठवा. इतक्यावर बहुतेक शिक्षक मान्य करतात.